मस्ट, हॅव टू आणि नीड नॉट

'मस्ट' आणि 'हॅव टू' ही इंग्रजी भाषेत बंधन किंवा आवश्यकता दर्शविणारी रूपे होत. होकारार्थी वाक्यात या दोहोंचा अर्थ जवळजवळ सारखा असतो. मात्र वाक्य नकारार्थी होताच त्यांचे अर्थ एकमेकांपासून दूर जातात. 'मस्ट नॉट' हे मनाई सांगते, तर 'डोन्ट हॅव टू' हे बंधन नसल्याचे सांगते. बंधन नसल्याचा हाच अर्थ 'नीड नॉट' या रूपानेही व्यक्त होतो. 'नीड नॉट' नंतर क्रियापदाचे मूळ रूप थेट येते. त्यामुळे 'यू नीड नॉट टू गो' ही भारतात पुष्कळदा आढळणारी रचना व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे.

## होकारार्थी वाक्यातील अर्थ

'मस्ट' हे साहाय्यक क्रियापद आहे. त्याला वचनाचा किंवा पुरुषाचा प्रत्यय लागत नाही आणि त्याच्यापुढे मूळ क्रियारूप येते: 'ही मस्ट गो', म्हणजे 'त्याने गेलेच पाहिजे'. 'ही मस्ट्स गो' किंवा 'ही मस्ट टू गो' असे होत नाही. 'हॅव टू' मधील 'हॅव' मात्र मुख्य क्रियापदाप्रमाणे चालते. ते कर्त्याप्रमाणे बदलते आणि त्याच्यामागून 'टू' येतो: 'आय हॅव टू गो', 'ही हॅज टू गो'.

दोहोंच्या अर्थात सूक्ष्म भेद आहे. 'मस्ट' मधील बंधन बहुधा बोलणाऱ्याकडून किंवा नियम करणाऱ्याकडून येते. शिक्षक 'यू मस्ट रीड धिस लेसन' असे म्हणतात, तेव्हा आज्ञा त्यांची असते. 'हॅव टू' मधील बंधन बहुधा परिस्थितीतून येते. मंठ्याच्या प्रवाशाला रेल्वे पकडायची असेल, तर परतूरला किंवा जालन्याला जावे लागते. ही कोणाची आज्ञा नाही, वस्तुस्थिती आहे. म्हणून 'वी हॅव टू गो टू परतूर' हे वाक्य येथे स्वाभाविक वाटते. मराठीतील 'गेलेच पाहिजे' आणि 'जावे लागते' या दोन रूपांतही साधारण असाच भेद जाणवतो. हा भेद काटेकोर नाही. होकारार्थी वाक्यात एकाच्या जागी दुसरे रूप वापरले, तरी सहसा अर्थाचा अनर्थ होत नाही. खरी अडचण नकारात आहे.

## नकार नेमका कशाला लागतो

बंधनाच्या वाक्यात दोन गोष्टी असतात: एक बंधन आणि दुसरी कृती. 'त्याने गेलेच पाहिजे' या वाक्यात 'पाहिजे' हे बंधन आणि 'जाणे' ही कृती. अशा वाक्यात नकार आला की तो या दोहोंपैकी कोणाला लागतो, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो.

नकार कृतीला लागला, तर बंधन कायम राहते आणि 'न जाणे' बंधनकारक होते. ही मनाई होय. नकार बंधनाला लागला, तर बंधनच उरत नाही. जाणे किंवा न जाणे हे कर्त्याच्या इच्छेवर राहते. ही मोकळीक होय.

इंग्रजीत 'मस्ट नॉट' मधील 'नॉट' हा शब्द 'मस्ट' ला चिकटून येत असला, तरी अर्थाने तो पुढच्या कृतीला लागतो. 'यू मस्ट नॉट गो' याचा अर्थ 'तू न जाणे बंधनकारक आहे', म्हणजेच 'तू जाता कामा नये'. याउलट 'यू डोन्ट हॅव टू गो' मधील नकार 'हॅव' या बंधनाला लागतो: 'तुला जाण्याचे बंधन नाही'. 'यू नीड नॉट गो' मध्येही नकार गरजेला लागतो: 'तुला जाण्याची गरज नाही'.

| इंग्रजी रूप | मराठी अर्थ | नकार कशाला | केल्यास दोष? |
|---|---|---|---|
| यू मस्ट गो | गेलेच पाहिजे | नकार नाही | न गेल्यास दोष |
| यू मस्ट नॉट गो | जाता कामा नये | कृतीला | गेल्यास दोष |
| यू डोन्ट हॅव टू गो | जावे लागत नाही | बंधनाला | कशातच दोष नाही |
| यू नीड नॉट गो | जाण्याची गरज नाही | बंधनाला | कशातच दोष नाही |

तक्त्यातील शेवटचा स्तंभ हाच योग्य रूप निवडण्याचा उपाय आहे. वाक्य लिहिण्यापूर्वी 'ही कृती कोणी केलीच, तर त्याचे चुकले असे होईल का?' असा प्रश्न विचारावा. उत्तर 'होय' असेल तर 'मस्ट नॉट', 'नाही' असेल तर 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट'.

चुकीच्या निवडीचे परिणाम व्यवहारात गंभीर ठरू शकतात. मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ही उपाशी पोटीच करावी लागते असे नाही. रुग्णाला 'यू नीड नॉट फास्ट' असे सांगणे योग्य आहे; 'यू मस्ट नॉट फास्ट' असे लिहिल्यास उपाशी राहणेच निषिद्ध ठरते आणि सकाळी काही न खाता आलेला रुग्ण विनाकारण घरी परत जातो. उलट बाजूने, जे औषध रिकाम्या पोटी घेता कामा नये, त्यावर 'डोन्ट हॅव टू' लिहिले, तर मनाईची केवळ सवलत होऊन बसते.

## मराठी भाषकाची अडचण

मराठीत मनाई आणि मोकळीक यांसाठी वेगवेगळी रूपे नाहीत असे नाही. 'जाऊ नये' आणि 'जाता कामा नये' ही मनाईची रूपे आहेत. 'नये' हे मुळात 'न' आणि 'ये' यांचे रूप असून 'कामा नये' म्हणजे 'कामाला येत नाही, उपयोगी पडत नाही'. दोहोंपैकी 'जाऊ नये' यात उपदेशाचा सूर असतो, तर 'जाता कामा नये' यात सक्त ताकीद असते. म्हणून 'मस्ट नॉट' ला दुसरे रूप अधिक जवळचे आहे. मोकळिकीसाठी 'जावे लागत नाही', 'जाण्याची गरज नाही', 'गेलेच पाहिजे असे नाही' अशी रूपे आहेत. शेवटच्या रूपात तर 'असे नाही' हे शब्द वाक्याच्या अखेरीस येऊन संपूर्ण बंधन पुसून टाकतात.

अडचण येते ती 'नको' या शब्दामुळे. 'उद्या सुट्टी आहे, शाळेत जायला नको' या वाक्यात 'नको' म्हणजे गरज नाही. 'नदीला पूर आला आहे, तिकडे जायला नको' या वाक्यात तोच शब्द जाणे अयोग्य असल्याचे सांगतो. बोलण्यातील 'काम नाही' या प्रयोगाचेही असेच आहे. 'तू यायचे काम नाही, मी आणून देतो' यात मोकळीक आहे, तर 'मध्ये बोलायचे काम नाही' यात दटावणी आहे. ऐकणाऱ्याला प्रसंगावरून अर्थ कळतो, त्यामुळे मराठीत कोणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र या एका 'नको' साठी दोन वेगळी दारे आहेत आणि कोणते उघडायचे हे आधी ठरवावे लागते.

यासाठी मराठी वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी ते मराठीतच एकदा पालटून पाहावे. 'नको' च्या जागी 'गरज नाही' ठेवून अर्थ कायम राहिला, तर 'नीड नॉट'. 'कामा नये' ठेवून अर्थ कायम राहिला, तर 'मस्ट नॉट'. 'नको' मध्ये केवळ सल्ला असेल, तर या दोहोंऐवजी 'शुड नॉट' हे सौम्य रूप वापरतात.

## 'नीड नॉट टू' अशुद्ध का

इंग्रजीत 'नीड' हे क्रियापद दोन प्रकारे चालते, आणि ही चूक त्या दोन प्रकारांच्या मिश्रणातून जन्मते.

पहिल्या प्रकारात 'नीड' हे साधे मुख्य क्रियापद असते. 'वॉन्ट' किंवा 'होप' यांच्याप्रमाणे त्याला तृतीय पुरुषी एकवचनात 'स' लागतो, नकारासाठी 'डू' ची मदत लागते आणि पुढील क्रियापदाआधी 'टू' येतो: 'ही नीड्स टू गो', 'ही डझन्ट नीड टू गो'.

दुसऱ्या प्रकारात 'नीड' हे 'मस्ट' आणि 'कॅन' यांच्या पंक्तीला बसणारे साहाय्यक क्रियापद असते. मग त्याला 'स' लागत नाही, 'डू' लागत नाही आणि 'टू' ही लागत नाही: 'ही नीड नॉट गो'. 'कॅन नॉट टू गो' किंवा 'मस्ट नॉट टू गो' असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने 'नीड नॉट टू गो' ही चालत नाही. या गटातील 'ऑट' या एकाच सर्वपरिचित शब्दामागून 'टू' येतो, आणि तो अपवाद आहे. साहाय्यक 'नीड' प्रामुख्याने नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांतच वापरतात. साध्या होकारार्थी वाक्यात 'ही नीड गो' असे म्हणता येत नाही. तेथे 'ही नीड्स टू गो' हेच शुद्ध.

'नीड नॉट टू गो' म्हणणारा पहिले अर्धे वाक्य दुसऱ्या प्रकारातून घेतो आणि उरलेले अर्धे पहिल्या प्रकारातून. नकाराच्या वाक्यासाठी पुढील खूण पुरेशी आहे: 'डू' आणि 'टू' येतील तर दोघेही येतील, जातील तर दोघेही जातील. 'डोन्ट नीड टू गो' मध्ये दोघेही आहेत. 'नीड नॉट गो' मध्ये दोघेही नाहीत. 'नीड नॉट टू गो' मध्ये 'टू' एकटाच मागे राहिला आहे, आणि 'डोन्ट नीड गो' मध्ये 'डू' एकटाच. ही दोन्ही वाक्ये अशुद्ध होत. 'ही नीड्स नॉट गो' हेही त्याच मिश्रणाचे फळ आहे; तेथे 'स' चुकून मागे राहिला आहे.

'हॅव टू' च्या बाबतीत निवडीचा प्रश्नच नाही, कारण त्यातील 'हॅव' आजच्या प्रमाण इंग्रजीत मुख्य क्रियापदासारखेच चालते. त्यामुळे 'आय हॅव नॉट टू गो' ऐवजी 'आय डोन्ट हॅव टू गो' असे म्हणावे, आणि प्रश्न 'डू आय हॅव टू गो?' असा विचारावा.

'नीड', 'नॉट' आणि 'टू' हे तीन शब्द याच क्रमाने शुद्ध वाक्यात कधीच येत नाहीत, असे मात्र समजू नये. 'नीड' हे नाम असेल तर ते येऊ शकतात. 'द नीड नॉट टू वेस्ट वॉटर' म्हणजे 'पाणी वाया न घालवण्याची गरज'. येथे 'नीड' च्या आधी 'द' हे उपपद आहे, गरज शिल्लक आहे आणि नकार 'वाया घालवणे' या कृतीला लागला आहे. 'नीड' आधी कर्ता थेट आला असेल, तर ते क्रियापद आहे आणि वरील नियम लागू होतो.

## प्रश्न आणि त्याचे उत्तर

'मस्ट' ने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर 'मस्ट' नेच देतात. उत्तर नकारार्थी असेल, तर बहुधा शब्द बदलावा लागतो. 'मस्ट आय आन्सर ऑल द क्वेश्चन्स?' म्हणजे 'सर्व प्रश्न सोडवलेच पाहिजेत का?' त्याला 'येस, यू मस्ट' हे एक उत्तर. दुसरे उत्तर 'नो, यू नीडन्ट' किंवा 'नो, यू डोन्ट हॅव टू'. 'नो, यू मसन्ट' असे उत्तर दिले, तर सर्व प्रश्न सोडवण्यास मनाई झाली, आणि विचारणाऱ्याने ते विचारलेलेच नव्हते.

उच्चाराबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. 'मस्ट नॉट' चे संक्षिप्त रूप बोलताना 'मसन्ट' असे होते. मधला 'ट' उच्चारत नाहीत. 'हॅव टू' सलग बोलताना 'हॅफ टू' असे ऐकू येते.

## भूतकाळ

'मस्ट' हे रूप जुन्या इंग्रजीतील एका क्रियापदाच्या भूतकाळापासून आले आहे. पुढे त्याचा अर्थ वर्तमानकाळी झाला आणि त्याला स्वतःचा वेगळा भूतकाळ उरला नाही. म्हणून काल झालेले बंधन 'हॅड टू' ने सांगतात: 'आय हॅड टू वॉक', 'मला चालत जावे लागले'. 'ही मस्ट हॅव गॉन' याचा अर्थ 'त्याला जावे लागले' असा होत नाही. तो 'तो गेला असलाच पाहिजे' असा तर्क आहे. काल असलेली मनाई 'वॉज नॉट अलाउड टू' या शब्दांनी सांगतात.

मोकळिकीच्या भूतकाळात एक उपयुक्त भेद आहे. 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे जाण्याची गरज नव्हती. बोलणारा गेला की नाही, हे वाक्य सांगत नाही, पण बहुधा तो गेलेला नसतो. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे तो गेला, पण गेल्यावर कळले की गरज नव्हती. कार्यालयात हेलपाटा मारून 'उगाच आलो' असे म्हणणाऱ्याचे हे वाक्य आहे. मराठीतील 'जायला नको होते' हे पुन्हा दोन्ही बाजूंना झुकते: खेप व्यर्थ गेली असेही ते सांगते आणि जाणे चुकले असेही. दुसऱ्या अर्थासाठी इंग्रजीत 'शुड नॉट हॅव गॉन' असे म्हणतात.

## एक उदाहरण: माहिती अधिकाराची सूचना

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील काही तरतुदी तालुक्याच्या कार्यालयात दोन भाषांच्या फलकावर लिहावयाच्या आहेत, असे समजू. या कायद्यात बंधन, मनाई आणि मोकळीक या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी आढळतात.

पहिली तरतूद: अर्जासोबत विहित शुल्क दिले पाहिजे. हे बंधन आहे: 'द ॲप्लिकंट मस्ट पे द फी'.

दुसरी तरतूद: दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीकडून शुल्क घेतले जात नाही. अशा अर्जदाराला शुल्क भरण्याचे बंधन नाही, म्हणून 'सच ॲन ॲप्लिकंट डझन्ट हॅव टू पे'. येथे 'मस्ट नॉट पे' लिहिले, तर त्याने शुल्क भरणे हाच अपराध असल्यासारखे वाटेल.

तिसरी तरतूद: कलम 6 अनुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. महाराष्ट्रात अर्थातच मराठी चालते. 'यू नीड नॉट राइट इन इंग्लिश' असे फलकावर असावे. 'नीड नॉट टू राइट' येथे अशुद्ध, आणि 'मस्ट नॉट राइट' हे तर कायद्याच्या विरुद्ध. कारण इंग्रजी अर्जालाही मनाई नाही.

चौथी तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. याच कलमानुसार अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण देणे भाग नाही. मूळ इंग्रजी कायद्यात 'शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू' अशी रचना आहे. 'रिक्वायर्ड' म्हणजे भाग पाडलेला. नकार त्या भाग पाडण्याला लागला आहे. म्हणून त्याचे सोपे रूप 'यू नीड नॉट गिव्ह एनी रीझन' असे होईल. 'शॅल नॉट' हे दोनच शब्द पाहून 'मस्ट नॉट गिव्ह' असे रूपांतर केले, तर स्वतःहून कारण लिहिणाऱ्याचा अर्ज सदोष ठरेल, आणि कायद्याला ते अभिप्रेत नाही.

पाचवी तरतूद अधिकाऱ्यासाठी आहे. वाजवी कारणाशिवाय अर्ज स्वीकारण्यास नकार देणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास कलम 20 अनुसार दंड होऊ शकतो. म्हणजे येथे कृती केल्यास दोष आहे, आणि म्हणून मनाईचे रूप योग्य: 'द ऑफिसर मस्ट नॉट रिफ्यूज द ॲप्लिकेशन विदाउट रीझनेबल कॉज'. हे वाक्य 'डझन्ट हॅव टू' ने लिहिले, तर नागरिकाचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवल्यासारखे होईल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ची रचनाही अशीच तपासता येते. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, असे तो सांगतो. नकार सक्तीला लागला आहे, साक्ष देण्याला नाही. आरोपीने बोलता कामा नये असा त्याचा अर्थ नाही. त्याला बोलावे लागत नाही, एवढाच आहे.

## नियम थोडक्यात

1. 'मस्ट', 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' यांच्यापुढे मूळ क्रियारूप थेट येते; 'टू' येत नाही.
2. 'हॅव टू' चा नकार 'डोन्ट', 'डझन्ट' किंवा 'डिडन्ट' लावून होतो आणि 'टू' कायम राहतो.
3. नकारार्थी 'नीड' सोबत 'डू' आणि 'टू' दोघेही वापरावेत किंवा दोघेही टाळावेत.
4. साहाय्यक 'नीड' ला 'स' लागत नाही: 'शी नीड नॉट कम', पण 'शी नीड्स टू कम'.
5. केल्यास दोष असेल तर 'मस्ट नॉट'. केले किंवा न केले तरी चालत असेल तर 'डोन्ट हॅव टू' अथवा 'नीड नॉट'.
6. मराठी वाक्यात 'नको' असेल, तर आधी 'गरज नाही' की 'कामा नये' हे ठरवावे, मग इंग्रजी रूप निवडावे.
7. झालेले बंधन 'हॅड टू' ने सांगावे. 'मस्ट हॅव' ने तर्क व्यक्त होतो.
8. बोलताना 'डोन्ट हॅव टू' आणि 'डोन्ट नीड टू' ही रूपे अधिक रूढ आहेत. 'नीड नॉट' हे सूचना, नियम व औपचारिक लेखनात शोभते. कोणते वापरावे याबद्दल शंका असल्यास 'डोन्ट हॅव टू' वापरावे. त्यात 'टू' विषयी चूक होण्यास वाव राहत नाही.